शिल्लक जुळते, तरी दूध नासतं : कोल्ड रूमच्या रजिस्टरमधून सापडलेलं कारण

प्रयोगशाळेतली

मी पिशवीबंद दुधाच्या एका प्रकल्पात प्रयोगशाळेत काम करते. आमच्या कोल्ड रूममधल्या एका सहकाऱ्याने, सगळे त्यांना मामा म्हणतात, एक जुनं दुखणं कसं शोधून काढलं ते इथे सविस्तर लिहायचं आहे. डेअरीत, कोठारात, गोदामात काम करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून.

दुखणं असं होतं. अधूनमधून एकदम दूध परत यायचं. दोन-चार दिवस शांत जायचे, मग एका सकाळी एकाच गाडीच्या मार्गावरून वीस-तीस क्रेट परत. कुठे चव गेलेली, कुठे तापवताना फाटलेलं. शिवाय कोल्ड रूममध्येही तारीख उलटलेले क्रेट सापडायचे आणि ते ओतून द्यावे लागायचे. प्रत्येक वेळी चौकशी व्हायची. कच्चं दूध तपासलं जायचं, पाश्चरायझरच्या तापमानाचा तक्ता बघितला जायचा, फॉस्फटेज चाचणी व्हायची. सगळं ठीक निघायचं. तक्रारी हमखास जास्त मागणीच्या दिवसानंतर यायच्या, म्हणून शेवटी खापर कोल्ड रूमवर फुटायचं. गाड्या जास्त, दार जास्त वेळ उघडं, गारवा कमी पडतो, असं.

मामांचं काम क्रेट आत घेण्याचं आणि रजिस्टर लिहिण्याचं. रजिस्टरमध्ये चारच रकाने महत्त्वाचे: सुरुवातीची शिल्लक, आवक, जावक, अखेरची शिल्लक. पाचवा गळतीचा. मेळ रोज बसायचा, एक क्रेट इकडे-तिकडे नाही. म्हणून ते रजिस्टर कुणी उघडून बघत नव्हतं.

परत आलेले क्रेट उतरवायचं कामही मामांकडेच. तक्रारीच्या चिठ्ठीवर गाडीची तारीख असते, पण पिशवीवरची तारीख तिथे कुणी लिहीत नव्हतं. मामांनी त्या ओल्या पिशव्या पुसून छापलेली तारीख वहीत उतरवायला सुरुवात केली. आणि पहिली गोष्ट बाहेर आली ती ही की बुधवारच्या गाडीतून परत आलेलं दूध बुधवारचं नव्हतंच. काही पिशव्या रविवारच्या होत्या. आम्ही प्रयोगशाळेत मात्र चिठ्ठीवरची तारीख बघून बुधवारचा राखीव नमुना काढून तपासत होतो. तो चांगला निघणारच.

मग त्यांनी रजिस्टरची जुनी पानं काढली. त्या आठवड्याचे आकडे थोडे गोल करून देते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

रविवार : अखेरची शिल्लक २०० (सगळे रविवारी भरलेले)
सोमवार : आवक ९००, जावक ८५०, शिल्लक २५०
मंगळवार : आवक ९००, जावक ८८०, शिल्लक २७०
बुधवार : आवक ९००, जावक १०२०, शिल्लक १५०

आमच्या कोल्ड रूमला एकच दार आहे. भरलेले क्रेट त्याच बाजूने आत येतात, त्याच बाजूने गाडीत चढतात. रात्री लोडिंगच्या घाईत हात पोचतो तो दाराजवळच्या थप्प्यांना. म्हणजे सोमवारी जे ८५० गेले ते सगळे सोमवारच्याच ९०० मधले. मागे राहिले सोमवारचे ५० आणि भिंतीला टेकलेले रविवारचे २००. मंगळवारी तसंच: मंगळवारचे ८८० गेले, २० राहिले. आता आत २७० क्रेट आहेत ते तीन दिवसांचे. बुधवारी मागणी वाढली. बुधवारचे ९००, मंगळवारचे २०, सोमवारचे ५० काढले तरी ९७० च झाले. राहिलेले ५० भिंतीजवळून काढले, रविवारचे. उरलेले १५० रविवारचेच, मुदत संपलेले.

आता हेच आकडे जुनं आधी काढून मांडून बघा. सोमवारी रविवारचे २०० आणि सोमवारचे ६५० जातील. मंगळवारी सोमवारचे उरलेले २५० आणि मंगळवारचे ६३० जातील. बुधवारी शिल्लक राहतील १५०, पण ते सगळे बुधवारचे, ताजे. रजिस्टर अक्षर न् अक्षर तेच राहील. चारही रकाने तेच. आतलं दूध मात्र वेगळं.

मामांना यातून जी गोष्ट सापडली ती मला फार मोलाची वाटते. मागे अडकलेला लॉट कधी हलतो? रोजची शिल्लक त्या लॉटच्या आकड्याखाली उतरते तेव्हाच. २५०, २७० असेपर्यंत रविवारच्या २०० ला कुणी हात लावला नाही. शिल्लक १५० वर आली, म्हणजे ५० बाहेर गेले. बॅचची नोंद नसलेल्या रजिस्टरवरूनही किती जुने क्रेट कोणत्या रात्री बाहेर गेले याचा अंदाज येतो. त्यांनी मागच्या तक्रारी एकेक करून अशा ताडून बघितल्या. शिल्लक तळाला गेलेली रात्र आणि दुसऱ्या दिवशीची तक्रार, बहुतेक ठिकाणी जोडी जुळली. दूध अडकलं होतं कमी मागणीच्या दिवशी आणि बोंब झाली जास्त मागणीच्या दिवशी. म्हणून इतके दिवस सगळे चुकीच्या रात्रीची चौकशी करत होते.

पुढे काय बदल केले ते लिहिते, आधी कुणाला प्रश्न असतील तर विचारा.

कॉम्प्रेसर_मित्र

ताई, माझं आयुष्य कोल्ड रूम दुरुस्त करण्यात गेलं आहे. जास्त मागणीच्या रात्री दूध खराब होतं याचं साधं कारण दार आहे. दार उघडं राहिलं की बाहेरची दमट हवा आत येते, कॉइलवर बर्फ चढतो, हवा फिरत नाही. डिस्प्लेवर ४ अंश दिसतात कारण सेन्सर ब्लोअरजवळ असतो. दाराशी ९-१० अंश असतात. तुमच्या मामांनी आकडे छान मांडलेत, पण आधी दाराजवळ थर्मामीटर लावून बघा.

जमाखर्च

मला एक कळलं नाही. शिल्लक रोज जुळत होती म्हणता, मग नुकसान कुठून आलं? क्रेट कमी भरले तरच नुकसान ना? आमच्याकडे गोदामात असं झालं तेव्हा शेवटी चोरी निघाली होती. गेटवरची मोजणी आणि आतली मोजणी वेगवेगळ्या माणसांनी करा.

प्रयोगशाळेतली

@जमाखर्च, चोरी नव्हती हो. क्रेट एकही कमी नव्हता. नुकसान दोन वाटांनी व्हायचं: परत आलेलं दूध आणि आतच ओतून दिलेलं दूध. ओतलेले क्रेट रजिस्टरमधून वजा होत होतेच, म्हणून मेळ बसायचा.

@कॉम्प्रेसर_मित्र, दाराजवळ मोजलं होतं. दादा, तुमचं म्हणणं अगदीच सोडून दिलेलं नाही, त्यावर पुढे येते. पण एक सांगा, कारण दार असतं तर दाराजवळचं दूध आधी खराब व्हायला हवं होतं. परत आलेल्या पिशव्यांवरच्या तारखा त्या रात्री सर्वांत आत, भिंतीला असलेल्या लॉटच्या होत्या. दाराजवळचं त्या रात्रीचं ताजं दूध त्याच गाडीतून गेलं आणि त्याची तक्रार नाही.

जमाखर्च

अच्छा, आता लक्षात आलं. मग माझा पुढचा प्रश्न. ते ओतून दिलेले क्रेट कोणत्या रकान्यात वजा केले? मुदतबाह्य असा रकाना तर तुम्ही सांगितलाच नाहीत.

प्रयोगशाळेतली

बरोबर जागी बोट ठेवलंत. ते गळतीच्या रकान्यात जात होते. रजिस्टरला दुसरा रकानाच नव्हता. फुटक्या पिशव्या आणि मुदत संपलेलं दूध, दोन्ही एकाच आकड्यात.

त्याचा त्रास असा झाला की गळती वाढलेली दिसली की पॅकिंगवाल्यांना बोलणी बसायची. सील करणाऱ्या जबड्यावरचं टेफ्लॉन बदला, फिल्मचा रोल बदला, हीटरचं तापमान वाढवा. त्यांनी बिचाऱ्यांनी ते सगळं केलंही. मामांचा मुद्दा सरळ होता: पिशवी मशीनवर फुटत असेल तर जास्त माल भरला त्या दिवशी गळती जास्त दिसायला हवी, म्हणजे ती आवकेबरोबर वरखाली व्हायला हवी. रजिस्टरमध्ये आवक जवळजवळ सारखी आणि गळतीचा आकडा एखाद्याच दिवशी एकदम वर. तो दिवस नेमका शिल्लक तळाला गेल्यानंतरचा. मागची रांग उघडी पडायची, जुने क्रेट दिसायचे, ओतले जायचे आणि नोंद व्हायची ‘गळती’. आता त्या एका रकान्याचे तीन केले आहेत: फुटलेलं, मुदत संपलेलं, परत आलेलं.

जुनी_डेअरी

बाई, मी गुणवत्ता विभागात बरीच वर्षं काढली आहेत. एक विचारतो. तक्रारींमध्ये लोक चव काय सांगत होते, आंबट की कडवट?

प्रयोगशाळेतली

काका, बहुतेक कडवट. काही ठिकाणी ‘वास येतो’. आणि एक तक्रार वारंवार यायची, आंबट नाही पण तापवलं की फाटतं. आमच्याकडे आम्लता तपासली तर ०.१४ टक्के, म्हणजे ताज्या दुधासारखीच. त्यामुळे आम्ही ‘दूध चांगलं आहे’ असा शेरा मारायचो आणि मार्गावरचे लोक चिडायचे.

जुनी_डेअरी

मग मामांचं निदान रजिस्टरशिवायही पक्कं होतं. ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून दूध निर्जंतुक होत नाही. काही जिवाणूंचे बीजाणू त्यातून वाचतात आणि पाश्चरायझरच्या पुढे, पाइपमधून, टाकीतून, भरण्याच्या मशीनमधून थोडे नवे शिरतात. त्यातले काही थंडीतच वाढणारे असतात. ४ अंशांवर ते सावकाश वाढतात पण वाढतात. ते साखर फारशी खात नाहीत, प्रथिनं आणि स्निग्धांश फोडतात. म्हणून दूध आंबत नाही, कडू होतं, खवट होतं. प्रथिनं दुबळी झाली की आम्लता न वाढताही तापवताना फाटतं.

उलट दूध गरम राहिलं असेल, उन्हात गाडी उभी राहिली असेल, तर आंबवणारे जिवाणू पुढे जातात, आम्लता चढते, चव आंबट होते. गारवा कमी पडल्याची तक्रार आंबट येते. गारव्यातच फार दिवस राहिल्याची तक्रार कडवट येते. हा काटेकोर नियम नाही, सरमिसळ होते, पण चौकशी कुठून सुरू करायची ते यावरून कळतं.

आम्लतेवर विसंबू नका. राखीव नमुना मुदत संपेपर्यंत आणि त्यापुढे एक दिवस ठेवा, रोज थोडं काढून परीक्षानळीत उकळून बघा. फाटायचं असेल तर तिथेच फाटेल.

गोठ्यावरून

आमचं सकाळचं दूध संकलन केंद्रावर चांगलं म्हणून घेतात आणि संध्याकाळचं कधीकधी आंबट म्हणून परत करतात. आमच्याकडे रजिस्टर वगैरे काही नाही. संध्याकाळचं दूध काढल्यावर केंद्र उघडायला वेळ लागतो तोवर कॅन झाडाखाली ठेवतो. यावर तुमच्या मामांचा काही उपाय आहे का?

जुनी_डेअरी

@गोठ्यावरून, तुमचा प्रश्न वेगळा आहे दादा. तुमचं दूध अडकत नाही, ते गरम राहतं. धारोष्ण दूध अंगाच्या उष्णतेचं असतं आणि सावलीत ठेवल्याने ते गार होत नाही. कॅन वाहत्या किंवा बदलत्या थंड पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बुडवा आणि मधूनमधून दूध ढवळा. तेवढ्याने बराच फरक पडेल. सकाळचं उरलेलं गार दूध आणि संध्याकाळचं ताजं एकत्र करू नका.

रात्रपाळी

मी दुसऱ्या एका प्रकल्पात लोडिंगला आहे. एक खरंच विचारायचं आहे. पिशवीवर तारीख छापलेली असते. लोडिंगवाल्यांना ती दिसली नाही, असं कसं म्हणता? आमच्यावरच येतं शेवटी.

प्रयोगशाळेतली

@रात्रपाळी, दोष लोडिंगवाल्यांचा नव्हताच, आणि मामांनी हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना बजावलं होतं. तुम्हाला तर माहीतच आहे, रात्री मोजणी क्रेटची होते, पिशवीची नाही. क्रेट सगळे एका रंगाचे, पिशव्या त्यात आडव्या पडलेल्या, ओल्या, तारीख खालच्या बाजूला. थप्पी आकड्याने ओढून सरळ गाडीच्या फळीपर्यंत न्यायची. एकेक पिशवी उलटून तारीख बघायची म्हटली तर गाडी पहाटेपर्यंत सुटणार नाही.

वरिष्ठांना आधी पटलं नव्हतं. ‘आम्ही जुनं आधी काढतो’ असंच सगळे सांगत होते आणि प्रामाणिकपणे सांगत होते, कारण दाराजवळच्या रांगांमध्ये ते तसं करतही होते. मामांनी एका संध्याकाळी सर्वांत मागच्या रांगेतल्या एका क्रेटच्या कडीला निळ्या प्लास्टिकची पट्टी बांधली आणि कुणाला काही न सांगता रोज रात्री गाडीत चढणारे क्रेट बघत राहिले. पहिल्या रात्री निळी पट्टी बाहेर आली नाही. दुसऱ्या रात्री नाही. शिल्लक तळाला गेली त्या रात्री ती गाडीच्या फळीवर आली. तो क्रेट मामांनी बाजूला काढून ठेवला आणि सकाळी व्यवस्थापकांसमोर नेऊन ठेवला, शेजारी रजिस्टरचं पान. त्यानंतर फार बोलावं लागलं नाही.

औषध_भांडार

मी औषधांच्या भांडारात असते, आमच्याकडेही हाच विषय रोजचा. तुमच्या हिशेबात एक भोक दिसतं मला. ‘आधी आलं ते आधी काढा’ हा नियम परत आलेल्या मालाला लागू केला की फसतो. गाडीत विकलं न गेलेलं, चांगलं, पण कालचं दूध सकाळी परत आत येतं का? आलं तर रजिस्टरप्रमाणे ते सर्वांत शेवटी आलेलं, आणि प्रत्यक्षात सर्वांत जुनं. आम्ही म्हणूनच आवकेची तारीख बघतच नाही, मुदत संपायची तारीख बघतो.

प्रयोगशाळेतली

तुमचं अगदी बरोबर आहे, आणि आमच्याकडे हे होत होतं. न विकलेले क्रेट सकाळी परत यायचे आणि आवकेतच मिळवले जायचे. मामांनी म्हणूनच आवकेची तारीख सोडून भरल्याची तारीख धरली.

आता बदल काय केले ते सांगते. जमिनीवर रंगाने पट्टे मारून सहा रांगा आखल्या. एका रांगेत एकाच पाळीत भरलेला माल. रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय तिच्यात नवा क्रेट ठेवायचा नाही. मधून एक माणूस हातगाडी घेऊन भिंतीपर्यंत जाईल एवढी वाट सोडली, त्यामुळे कोणतीही रांग थेट गाठता येते, पुढचं हलवावं लागत नाही. दाराशी एक फळा आहे, त्यावर रांगेचा क्रमांक, भरल्याची तारीख आणि क्रेट. लोडिंगवाले पिशवी बघत नाहीत, फळा बघतात. सहावी रांग दाराजवळची, ती फक्त परत आलेल्या मालासाठी. तो माल आमच्याकडे तपासून झाल्याशिवाय हलत नाही आणि पुन्हा विक्रीला सहसा जात नाही.

आणि रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: ‘सर्वांत जुना क्रेट कोणत्या तारखेचा’. अखेरची शिल्लक लिहिताना मामा स्वतः आत जाऊन बघून तो भरतात, फळ्यावरून उतरवत नाहीत. आमचे व्यवस्थापक आता सकाळी शिल्लक नंतर बघतात, तो रकाना आधी बघतात. त्यात परवाची तारीख दिसली की त्याच वेळी विचारणा होते, तक्रार येण्याआधी.

कॉम्प्रेसर_मित्र

भिंतीपर्यंत वाट सोडली हे उत्तम केलंत. थप्प्या भिंतीला चिकटवल्या की मागून हवा फिरत नाही आणि ब्लोअर कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. पण सहा रांगा आणि वाट म्हटल्यावर जागा किती गेली?

आणि मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे. जुनं दूध निघालं म्हणून गारवा बरोबर होता असं सिद्ध होत नाही. ४ अंशांवर जे दूध टिकलं असतं ते ८ वर टिकणार नाही. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात.

प्रयोगशाळेतली

दादा, साधारण पाचवा हिस्सा जागा गेली. सगळ्यात मोठा विरोध त्यावरूनच झाला.

आणि तुमचा मुद्दा अर्धा खरा ठरला, ते सांगायचंच होतं. रांगा लावल्यावर कडवट दुधाच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या, मुदत संपलेल्या मालाचा रकाना बहुतेक दिवस कोरा असतो. पण थोड्या आंबट दुधाच्या तक्रारी उरल्या. आधी त्या गर्दीत दिसतच नव्हत्या. त्यांच्या पिशव्यांवरच्या तारखा ताज्या आहेत. दोन पिशव्या एकमेकींवर ठेवून मध्ये थर्मामीटर दाबून बघितलं, तर काही क्रेट आत येतानाच ८ अंशांचे निघाले. सगळे पाळीच्या शेवटी भरलेले.

जुनी_डेअरी

पाळीच्या शेवटी म्हणजे तुमचं बर्फाचं पाणी तेव्हा कोमट होत असणार. सुरुवातीला साठलेला बर्फ पुरतो, शेवटी संपतो, आणि पाश्चरायझरमधून दूध हवं तेवढं गार होऊन निघत नाही. ते कोल्ड रूमच्या माथी मारू नका. कोल्ड रूम गार दूध गार ठेवते. थप्पीत रचलेलं ८ अंशांचं दूध ४ वर आणायला तिला कितीतरी तास लागतात, मधल्या क्रेटना तर रात्रही पुरत नाही. ५ अंशांवर भरलं नसेल तर भरणं थांबवायला हवं.

कॉम्प्रेसर_मित्र

काका म्हणतात ते शक्य आहे, पण दमट हवामानात दाराचाही वाटा असतो. दोन्ही मोजा. पाळीच्या शेवटी बर्फाच्या पाण्याचं तापमान आणि लोडिंग चालू असताना दाराजवळच्या पिशव्यांमधलं तापमान. डिस्प्ले बघू नका.

प्रयोगशाळेतली

दोन्ही मोजतो आहोत. अजून निकाल लागलेला नाही. मामांनी फळ्यावर क्रेट आत येतानाचं तापमान लिहायलाही सुरुवात केली आहे.

जमाखर्च

एक शंका. शिल्लकेवरून जुने क्रेट मोजायची ती युक्ती मला आवडली, पण ती नेहमी खरी ठरेल का? लोडिंगवाले कधी डावीकडून काढतात, कधी उजवीकडून.

प्रयोगशाळेतली

नाही, नेहमी नाही. अगदी दारापासून भिंतीपर्यंत क्रमाने काढलं असं धरून ती आहे. प्रत्यक्षात थोडं इकडचं, थोडं तिकडचं जातं, म्हणून आकडा अंदाजच. आमच्या जुन्या नोंदींमध्ये काही तक्रारी त्यात बसल्या नाहीत आणि त्यांचं कारण आता शोधताही येणार नाही. पण कुठे बघायचं ते तिने दाखवलं. दोन दारांची खोली असेल, एकीकडून आवक आणि दुसरीकडून जावक, तर ही पद्धत लागू होणार नाही.

रात्रपाळी

आमच्याकडे दुधाचे चार प्रकार आहेत, साय जास्त असलेलं, कमी असलेलं वगैरे. एकूण शिल्लक रोज सात-आठशेच्या घरात असते, तळाला कधी जातच नाही. तरी परत येतं. मग आमचं कारण वेगळं असेल का?

प्रयोगशाळेतली

एकूण शिल्लक बघू नका, प्रत्येक प्रकाराची वेगळी मांडा. आमच्याकडेही एकत्र बेरजेत काही दिसत नव्हतं, कारण एकाची शिल्लक तळाला जाते तेव्हा दुसऱ्याची वाढलेली असते. मामांनी सर्वांत कमी खपणाऱ्या प्रकारापासून सुरुवात केली. त्याची मागणी कधी चाळीस क्रेट, कधी नव्वद, आणि भरताना मात्र मशीन एकदा लावलं की शंभर-सव्वाशे भरूनच थांबतात. अडकायची शक्यता तिथेच जास्त.

तुमच्या रजिस्टरमध्ये प्रकारवार शिल्लक नसेल तर गाड्यांच्या चलनांवरून काढता येईल. चलनावर प्रकार लिहिलेला असतोच.

रात्रपाळी

चलनं आहेत. पण ताई, एक अडचण सांगतो. रात्री आम्ही दोघंच असतो. रांग रिकामी झाल्याशिवाय नवं ठेवायचं नाही म्हटलं, आणि त्या रात्री मागणी एकदम कमी आली, तर सहाही रांगांमध्ये थोडं थोडं उरेल. मग पॅकिंगमधून येणारे क्रेट ठेवायचे कुठे? बाहेर?

औषध_भांडार

हा प्रश्न जागेचा नाही, भरण्याचा आहे. मागणी कमी असेल तर भरायचंच कमी.

रात्रपाळी

ते आमच्या हातात नाही. मागणीचा आकडा येतो रात्री, भरणं सुरू होतं दुपारी.

प्रयोगशाळेतली

आमच्याकडेही हे अजून पूर्ण सुटलेलं नाही. सध्या असं ठरलं आहे की दुपारी भरायला सुरुवात करण्याआधी मामा पॅकिंगला दोन आकडे देतात: आतली शिल्लक आणि त्यातले कालचे किती. कालचे जास्त असतील तर पहिल्या तासात भरणं कमी ठेवतात आणि न भरलेलं दूध टाकीतच गार राहतं. टाकीतही ते फार वेळ ठेवता येत नाही, आणि टाक्या भरलेल्या असतील तर हाही मार्ग बंद. तशा दिवशी दोन अर्ध्या रांगा एकत्र कराव्या लागतात. तेव्हा जुने क्रेट वाटेच्या बाजूला, नवे आत, आणि फळ्यावर दोन्ही तारखा लिहायच्या. मामांना हे आवडत नाही, पण तेवढ्यापुरतं चालवून घेतात.

@रात्रपाळी, तुम्ही चलनांवरून कमी खपणाऱ्या एका प्रकाराचं मागच्या पंधरवड्याचं पान मांडून इथे टाका, तारीख, आवक, जावक, शिल्लक एवढंच. आणि परत आलेल्या पिशव्यांवरच्या तारखा मिळाल्या तर त्याही. मी मामांना दाखवते.

रात्रपाळी

उद्या पाळी संपल्यावर टाकतो. पिशव्यांवरच्या तारखा आजपासून उतरवायला घेतो, मागच्या कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत.